कालवातले सहा धातू, सहा टी-टेस्ट: अ‍ॅडजस्टेड पी-व्हॅल्यू रिझल्टमध्ये नेमकी कशी लिहायची

दरवर्षी डिसर्टेशन जमा करायची वेळ आली की हाच प्रॉब्लेम माझ्याकडे येतो, माणसं बदलतात पण टेबल तेच असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातल्या खाड्यांवर प्रोजेक्ट करणारी मुलं, कुणी कालवं घेतलेली असतात, कुणी तिसऱ्या, कुणी कांदळवनातला गाळ, आणि प्रत्येक सॅम्पलमध्ये पाच-सहा गोष्टी मोजलेल्या असतात. मग दोन जागांची तुलना, प्रत्येक गोष्टीला एक टी-टेस्ट, आणि टेबलात पी-व्हॅल्यूच्या पुढे चांदण्या. गाईड किंवा रिव्ह्यूअर ते परत पाठवतो, वर एक ओळ लिहून की मल्टिपल कम्पॅरिझनसाठी करेक्शन केलंय का, केलं असेल तर अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू दाखवा. मुलं कुठल्यातरी पद्धतीने करेक्शन करतात, परत पाठवतात, आणि दुसऱ्यांदा परत येतं कारण आता टेबलातल्या व्हॅल्यू करेक्शनच्या आधीच्या की नंतरच्या तेच कळत नाही. हे दुसऱ्यांदा परत येणं मला जास्त टोचतं, कारण गणित बहुतेक वेळा बरोबर असतं आणि फक्त लिहिताना गडबड झालेली असते.

तर एकच केस घेऊन सगळं दाखवते. खाडीच्या तोंडाजवळची कालवं आणि आत वरच्या अंगाला कांदळवनाजवळची कालवं, दोन्हीकडची पंधरा-पंधरा, ओहोटीला खडकावरून काढलेली, आणि प्रत्येकात सहा धातू मोजले: कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम. आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्याही खऱ्या खाडीचे नाहीत, कृपा करून कुणी उचलून वापरू नका. सहा टी-टेस्ट केल्यावर आलेल्या कच्च्या पी-व्हॅल्यू अशा धरा: कॅडमियम ०.०००४, शिसं ०.००९०, तांबं ०.०११०, जस्त ०.०२१०, निकेल ०.०३२०, क्रोमियम ०.३८००.

नुसतं बघितलं तर सहापैकी पाच ०.०५ च्या खाली आहेत, आणि मुलं खूश होऊन लिहितात की पाच धातूंमध्ये सिग्निफिकंट फरक.

इथे करेक्शन लागतंच का

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो रास्त आहे. एका मुलीने विचारलं होतं, "ताई, ग्रुप तर दोनच आहेत, पोस्ट-हॉक तीन ग्रुप असले की करतात ना, मग मला कशाला करेक्शन?" तिचा गैरसमज कुठून आला तेही दिसतं, कारण एसपीएसएसमध्ये अनोव्हाला पोस्ट-हॉकचं बटण आहे, तिथे बॉन्फेरोनी, टुकी असे पर्याय दिसतात, पण दोन ग्रुपच्या साध्या टी-टेस्टच्या खिडकीत तसं काहीच नाही. सॉफ्टवेअर विचारत नाही म्हणून मुलांना वाटतं की लागत नाही. मी तिला म्हटलं, "अगो, ग्रुप किती ते नको मोजूस, तुझ्या एका दाव्यामागे टेस्ट किती केल्यास ते मोज."

कारण असं आहे. एका टेस्टला आपण ५ टक्के धोका पत्करतो, म्हणजे खरं तर फरक नसताना फरक आहे असं म्हणून बसण्याचा धोका. सहा टेस्ट केल्या आणि सहाही ठिकाणी खरा फरक शून्य असेल, टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर निदान एक तरी खोटा "सिग्निफिकंट" येण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा सहावा घात, म्हणजे साधारण २६ टक्के. पाग सहा वेळा टाकली की एखाद्या वेळेस काहीतरी लागतंच, तसं. आता खऱ्या कालवात धातू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, जिथे जस्त जास्त तिथे तांबंही बहुतेक जास्त, त्यामुळे हा आकडा अगदी २६ नसेल, थोडा कमी असेल, पण ५ तर नक्की नाही.

तिने वर असंही विचारलं की टुकी लावू का. नाही लागत इथे. टुकीची पद्धत एकच गोष्ट अनेक ग्रुपमध्ये मोजली आणि सगळ्या जोड्यांच्या सरासरींची तुलना केली तर लागते, उदाहरणार्थ फक्त जस्त, पण चार खाड्यांमध्ये. आपल्याकडे उलट आहे, ग्रुप दोन आणि गोष्टी सहा, तर इथे थेट पी-व्हॅल्यूंवर चालणारी पद्धत पाहिजे.

होल्म हाताने करून बघा, एकदाच, पण करा

बॉन्फेरोनी सगळ्यांना माहितीये, प्रत्येक पी-व्हॅल्यूला टेस्टच्या संख्येने गुणा, एकच्या वर गेलं तर एक लिहा. आपल्या केसमध्ये सहाने गुणलं की कॅडमियम ०.००२४, शिसं ०.०५४०, तांबं ०.०६६०, जस्त ०.१२६०, निकेल ०.१९२०, आणि क्रोमियम २.२८ येतं म्हणून १ लिहायचं. म्हणजे उरला फक्त कॅडमियम. (टेबलात पी = २.२८ छापलेलं मी खरंच बघितलंय, शक्यता एकच्या वर जाऊच शकत नाही, तिथे १.००० किंवा "१ पर्यंत मर्यादित" असंच पाहिजे.)

होल्मची पद्धत १९७९ ची आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा केसमध्ये साध्या बॉन्फेरोनीऐवजी तीच वापरावी. तिची हमी बॉन्फेरोनीइतकीच आहे, म्हणजे एका दाव्यामागच्या सगळ्या टेस्टच्या कुटुंबात मिळून एक तरी खोटा निष्कर्ष निघण्याचा धोका ५ टक्क्यांच्या आत, टेस्ट एकमेकींशी कशाही जोडलेल्या असल्या तरी, आणि तरीही ती कधीच बॉन्फेरोनीपेक्षा जास्त कडक होत नाही. धातू एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून हे "कशाही जोडलेल्या असल्या तरी" आपल्या कामाचं आहे.

करायचं असं. पी-व्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. पहिलीला ६ ने गुणा, दुसरीला ५ ने, तिसरीला ४ ने, असं करत शेवटचीला १ ने. कॅडमियम ०.०००४ गुणिले ६ म्हणजे ०.००२४. शिसं ०.००९० गुणिले ५ म्हणजे ०.०४५०. तांबं ०.०११० गुणिले ४ म्हणजे ०.०४४०, आणि इथेच थांबा, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. तांब्याची कच्ची पी-व्हॅल्यू शिशापेक्षा मोठी आहे पण गुणून आलेला आकडा शिशापेक्षा लहान झाला, हे चालत नाही. होल्म पायरीपायरीने खाली उतरते, वरची पायरी पार झाली तरच पुढच्या पायरीला अर्थ, म्हणून खालच्या ओळीची अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू वरच्या ओळीपेक्षा कमी असू शकत नाही, कमी आली तर वरचीच उचलायची. तर तांब्यालाही ०.०४५०. पुढे जस्त ०.०२१० गुणिले ३ म्हणजे ०.०६३०, निकेल ०.०३२० गुणिले २ म्हणजे ०.०६४०, क्रोमियम ०.३८०० तसंच.

म्हणजे तीन धातू उरले. टेबलात शिसं आणि तांबं दोघांची अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू सारखीच ०.०४५ दिसते आणि ते बघून एखादा म्हणतो कॉपी-पेस्ट करताना चूक झाली वाटतं. ती चूक नाही, तो पद्धतीचाच भाग आहे, आणि टेबलाखाली अर्धी ओळ लिहिली की तो प्रश्न परत येत नाही.

आर वापरत असाल तर इतकंच:

```r
p <- c(Cd=0.0004, Pb=0.0090, Cu=0.0110,
       Zn=0.0210, Ni=0.0320, Cr=0.3800)
p.adjust(p, method = "holm")
```

एक्सेलमध्ये करायचं असेल तर कच्च्या व्हॅल्यू चढत्या क्रमाने A2 ते A7 मध्ये, B1 मध्ये हेडिंग, आणि B2 मध्ये हा फॉर्म्युला टाकून खाली ओढायचा:

```
=MIN(1,MAX(B1,A2*(6-ROW()+2)))
```

यातला `MAX` म्हणजेच ते वरची व्हॅल्यू उचलणं. मुलांच्या शीटमध्ये नेमका तोच नसतो, म्हणून तांब्यासमोर ०.०४४ येतं. इथे निकाल बदलत नाही हे खरं, पण दुसऱ्या डेटात बदलू शकतो, एखादी व्हॅल्यू वर ०.०५२ आणि तिच्या खाली ०.०४८ अशी आली की खालची चुकून सिग्निफिकंट ठरते.

परत-परत बिघडतं ते इथे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोनदा करेक्शन. मुलं होल्मने व्हॅल्यू काढतात, मग कुठेतरी वाचलेलं असतं की बॉन्फेरोनीत ०.०५ भागिले टेस्टची संख्या ही नवी मर्यादा, म्हणून त्या अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू ०.०५ भागिले ६, म्हणजे ०.००८३ शी ताडून बघतात. शिसं ०.०४५, मर्यादा ०.००८३, गेलं. तांबं गेलं. फक्त कॅडमियम उरलं. करेक्शन एकतर पी-व्हॅल्यूवर करायचं किंवा मर्यादेवर, दोन्हीवर नाही. अ‍ॅडजस्टेड पी-व्हॅल्यू नेहमी मूळ ०.०५ शीच ताडायची, तिची सोयच तेवढ्यासाठी आहे, वाचणाऱ्याला वेगळी मर्यादा लक्षात ठेवावी लागत नाही.

हीच चूक सॉफ्टवेअरमधून नकळत पण होते. एसपीएसएसमध्ये अनोव्हाच्या पोस्ट-हॉकमध्ये बॉन्फेरोनी निवडलं की `Sig.` कॉलममध्ये जे येतं ते आधीच गुणलेलं असतं, त्याला परत गुणायचं नाही आणि मर्यादाही भागायची नाही. पण तिथेच एलएसडी निवडलं तर तेच `Sig.` नाव असलेल्या कॉलममध्ये काहीही करेक्शन नसलेली व्हॅल्यू येते. नाव एक, अर्थ दोन. आणि क्रस्कल-वॉलिसनंतरच्या जोड्यांच्या टेबलात दोन कॉलम शेजारी शेजारी असतात, `Sig.` आणि `Adj. Sig.`, त्यातला डावीकडचा कच्चा असतो आणि घाईत तोच उचलला जातो. पायथनमध्ये `multipletests` पद्धत न सांगता चालवलं तर ते होल्म-सिडाक लावतं, साधं होल्म नाही, आकडे जवळजवळ सारखे येतात म्हणून लक्षात येत नाही पण मेथडमध्ये "होल्म" लिहिलं आणि आकडे वेगळ्या पद्धतीचे, असं होतं. म्हणून `method='holm'` हाताने लिहाच. आरच्या `p.adjust` ला न सांगता होल्मच लागतं, तरी मी सांगेन की तिथेही लिहा, सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर तुम्हालाच कळायला पाहिजे.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि ती बऱ्याचदा अगदी प्रामाणिकपणे होते. क्रोमियम तर काहीच दाखवत नाही, मग कशाला घ्या, असं म्हणून ते टेबलातून काढतात आणि उरलेल्या पाचांवर होल्म चालवतात. बघा काय होतं: कॅडमियम ०.००२०, शिसं ०.०३६०, तांबं ०.०३६०, जस्त ०.०४२०, निकेल ०.०४२०. पाचच्या पाच सिग्निफिकंट! एक निरुपद्रवी दिसणारी ओळ काढली आणि जस्त, निकेल दोन्ही रेषेच्या अलीकडे आले. हे करेक्शन करणं नाही, करेक्शन रिकामं करणं आहे, कारण कुठल्या टेस्ट मोजायच्या ते तुम्ही रिझल्ट बघून ठरवलंत. जेवढ्या टेस्ट केल्या तेवढ्या सगळ्या आत, निकाल काहीही आला तरी. कुणाचं टेबल तपासताना मी पहिलं मेथडमध्ये किती धातू मोजले ते वाचते आणि मग टेबलात किती ओळी आहेत ते मोजते, दोन आकडे जुळले नाहीत की तिथेच विचारते.

आता कुटुंब नेमकं केवढं धरायचं यावर खूप डोकं खाजवतात. म्हणजे समजा हेच सहा धातू पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही वेळा मोजले, पावसात खाडीत गोडं पाणी उतरतं आणि सगळंच बदलतं, तर सहा-सहाची दोन कुटुंबं की बाराचं एक? याला एकच बरोबर उत्तर नाही. मी असं बघते की शेवटी तुम्ही वाक्य काय लिहिणार आहात. "दोन जागांमध्ये कुठल्याही ऋतूत कुठल्याही धातूत फरक आढळला" असं एकच वाक्य बारा टेस्टच्या जिवावर लिहिणार असाल तर बारा. पावसाळ्याआधीचा प्रश्न वेगळा, नंतरचा वेगळा, दोन्हींचे निष्कर्ष वेगळे मांडणार असाल तर सहा-सहा चालतं. पण हे सॅम्पल काढायच्या आधी, निदान टेस्ट चालवायच्या आधी ठरवा आणि मेथडमध्ये लिहा. दोन्ही करून बघून जे सोयीचं ते ठेवलं तर मग क्रोमियम काढण्यात आणि यात काही फरक नाही.

तिसरी चूक छोटी आहे: आधी गोल करून मग गुणणं. शिशाची ०.००९० ही टेबलात दोन दशांशात ०.०१ झाली आणि त्या ०.०१ ला ५ ने गुणलं तर ०.०५ येतं, म्हणजे "०.०५ पेक्षा कमी" राहिलंच नाही, आणि होल्म असल्यामुळे खालचं तांबंही गेलं. कॅडमियमचं उलट, स्क्रीनवर `.000` दिसतं, ते शून्य समजून सहाने गुणलं की शून्य. एसपीएसएसच्या टेबलात त्या आकड्यावर डबल-क्लिक करत गेलं की पूर्ण दशांश दिसतात, ते घ्या, करेक्शन करा, आणि गोल सगळ्यात शेवटी करा. लिहिताना पी = ०.००० कधीच नाही, खूपच लहान असेल तर पी < ०.००१.

मग रिझल्टमध्ये कसं दिसायला पाहिजे

जे परत येतं ते साधारण असं असतं: "तोंडाजवळच्या आणि आतल्या कालवांमध्ये कॅडमियम (पी < ०.०५), शिसं (पी < ०.०५) आणि तांबं (पी < ०.०५) यांत सिग्निफिकंट फरक आढळला. बॉन्फेरोनी करेक्शन वापरले." यात वाचणाऱ्याला काय कळत नाही ते बघा: ही पी कच्ची की अ‍ॅडजस्टेड, करेक्शन किती टेस्टसाठी, फरक कुठल्या बाजूला आणि केवढा, आणि उरलेल्या धातूंचं काय झालं. वर बॉन्फेरोनी लिहिलंय पण आकडे होल्मचे आहेत, कारण बॉन्फेरोनीत शिसं उरलंच नसतं.

मेथडमध्ये एक वाक्य, एवढंच पुरतं: "सहा धातूंच्या सहा तुलना हे एक कुटुंब धरले, पी-व्हॅल्यू होल्म पद्धतीने अ‍ॅडजस्ट केल्या, अ‍ॅडजस्टेड पी ०.०५ पेक्षा कमी असल्यास फरक सिग्निफिकंट मानला." पद्धत, संख्या, मर्यादा, तिन्ही आली.

टेबलात मी दोन्ही व्हॅल्यू दाखवायला सांगते, कच्ची आणि अ‍ॅडजस्टेड शेजारी शेजारी. काही जर्नल फक्त अ‍ॅडजस्टेड मागतात, तिथे तसं करा, पण थीसिसमध्ये जागा असते आणि कच्ची व्हॅल्यू असली की वाचणारा हवं तर स्वतः दुसऱ्या पद्धतीने तपासू शकतो.

| धातू | कच्ची पी | अ‍ॅडजस्टेड पी (होल्म, ६ तुलना) |
|---|---|---|
| कॅडमियम | ०.०००४ | ०.००२ |
| शिसं | ०.००९ | ०.०४५ |
| तांबं | ०.०११ | ०.०४५ |
| जस्त | ०.०२१ | ०.०६३ |
| निकेल | ०.०३२ | ०.०६४ |
| क्रोमियम | ०.३८० | ०.३८० |

इथे फक्त पी चे कॉलम दाखवलेत, तुमच्या टेबलात त्यांच्या डावीकडे दोन्ही जागांच्या सरासरी, फरक आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल पाहिजेच. कॉलमच्या हेडिंगमध्येच पद्धत आणि संख्या लिहिली की टेबल रिपोर्टमधून सुटं काढलं तरी अर्थ सुटत नाही. आणि चांदण्या लावायच्याच असतील तर त्या अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यूवरूनच. टेबलात अ‍ॅडजस्टेड आकडे आणि शेजारच्या बार चार्टवर कच्च्या पी च्या चांदण्या हे तर मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधी चार्टच तपासते, कारण चार्ट आधी बनलेला असतो आणि करेक्शननंतर तो परत करायला कुणाच्या लक्षात राहत नाही.

मजकुरातलं वाक्य असं: "आतल्या भागातील कालवांमध्ये कॅडमियमचे प्रमाण तोंडाजवळच्या कालवांपेक्षा ०.४२ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम कोरड्या वजनाने जास्त होते (९५% इंटरव्हल ०.२१ ते ०.६३; अ‍ॅडजस्टेड पी = ०.००२)." "अ‍ॅडजस्टेड" हा शब्द प्रत्येक ठिकाणी लिहा, किंवा एकदा सांगून टाका की पुढे दिलेल्या सगळ्या पी अ‍ॅडजस्टेड आहेत. अर्ध्या ठिकाणी एक आणि अर्ध्या ठिकाणी दुसरं असं नको.

जस्ताबद्दल काय लिहायचं? कच्ची ०.०२१ होती, अ‍ॅडजस्टेड ०.०६३ झाली. "जस्तात फरक नाही" असं लिहू नका, ते टेस्टने सांगितलेलं नाही. "सिग्निफिकंटच्या दिशेने कल" वगैरे पण नको. साधं लिहा: "जस्त व निकेलमधील फरक करेक्शननंतर सिग्निफिकंट राहिला नाही (अ‍ॅडजस्टेड पी अनुक्रमे ०.०६३ व ०.०६४)", आणि फरकाचा आकडा आणि इंटरव्हल द्या, वाचणारा ठरवेल. पंधरा-पंधरा कालवांत एवढंच सांगता येतं.

इंटरव्हलची एक खोच

पी अ‍ॅडजस्ट केली पण इंटरव्हल तसाच साधा ९५ टक्क्यांचा ठेवला तर दोघांची भाषा जुळत नाही. शिशाचं बघा, धरा फरक ०.५९ आणि स्टँडर्ड एरर ०.२१. साधा ९५% इंटरव्हल ०.१६ ते १.०२, शून्यापासून बराच लांब. पण सहा तुलनांसाठी बॉन्फेरोनीने रुंद केला तर तो −०.०१ ते १.१९ होतो, म्हणजे शून्याच्या जेमतेम पलीकडे जातो, आणि त्याच शिशाची होल्मची पी मात्र ०.०४५. चौकस रिव्ह्यूअर लगेच विचारणार, पी म्हणते फरक आहे, इंटरव्हलमध्ये शून्य आहे, खरं काय? दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तो रुंद इंटरव्हल बॉन्फेरोनीचा आहे आणि तो बॉन्फेरोनीच्या पी शी, म्हणजे ०.०५४ शी जुळतो. होल्म पायरीपायरीने चालते म्हणून तिला असा सरळ जोडीचा इंटरव्हल नाही. आरच्या `emmeans` मध्येही होल्म मागितलं तर पी होल्मची येते पण इंटरव्हल बॉन्फेरोनीचे येतात आणि तशी नोंद खाली छापून येते, ती नोंद मुलं कॉपी करताना गाळतात.

माझा सल्ला, पी होल्मची द्या, इंटरव्हल साधे ९५ टक्क्यांचे द्या, आणि टेबलाखाली स्पष्ट लिहा: "इंटरव्हल प्रत्येक तुलनेचे स्वतंत्र, मल्टिपल कम्पॅरिझनसाठी अ‍ॅडजस्ट केलेले नाहीत." ज्यांना इंटरव्हल आणि पी एकाच भाषेत हवेत त्यांनी दोन्ही बॉन्फेरोनीचं घ्यावं आणि शिसं, तांबं सोडून द्यायची तयारी ठेवावी. दोन्ही चालतं, न सांगता मिसळणं चालत नाही.

आणि एफडीआर

बरेच जण विचारतात की बेंजामिनी-हॉकबर्ग लावलं तर पाचही धातू टिकतात, मग तेच का नको. खरंय, टिकतात. १९९५ ची ती पद्धत आपल्या आकड्यांवर चालवली तर अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू क्रमाने ०.००२४, ०.०२२०, ०.०२२०, ०.०३१५, ०.०३८४, ०.३८०० येतात. पण तिची हमी वेगळी आहे. होल्म म्हणते एकही खोटा निष्कर्ष निघण्याचा धोका ५ टक्क्यांच्या आत, बेंजामिनी-हॉकबर्ग म्हणते जेवढे निष्कर्ष तुम्ही जाहीर कराल त्यात खोट्यांचं प्रमाण, म्हणजेच एफडीआर, सरासरीने ५ टक्क्यांच्या आत. शेकडो जीन्स किंवा शेकडो प्रजाती चाळून पुढे कशाचा अभ्यास करायचा ते निवडायचं असेल तर ही दुसरी हमी योग्य आहे. सहा धातू आहेत आणि त्यातल्या प्रत्येकावर "इथली कालवं खायची का" असा प्रश्न गावातली माणसं विचारणार आहेत, तिथे मी होल्मच घेईन. शिवाय बेंजामिनी-हॉकबर्गची हमी टेस्ट स्वतंत्र असतील किंवा एका ठराविक अर्थाने एकाच दिशेने जोडलेल्या असतील तेव्हाची आहे, होल्मला तशी अट नाही.

वापरलंच तर टेबलाच्या हेडिंगमध्ये नुसतं "अ‍ॅडजस्टेड पी" लिहून भागत नाही, "बेंजामिनी-हॉकबर्ग, एफडीआर ५%" असं पूर्ण लिहा, कारण ०.०३८ हा आकडा होल्मचा असला तर एक अर्थ आणि एफडीआरचा असला तर दुसरा. आणि कुठली पद्धत ते टेस्ट चालवायच्या आधी ठरवा. आधी होल्म लावलं, तीनच उरले, मग बेंजामिनी-हॉकबर्ग लावून पाच केले, आणि मेथडमध्ये फक्त दुसरं लिहिलं, असं टेबल माझ्याकडे आलं तर मी होल्मचा कॉलमही शेजारी टाकायला लावते, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

तुमचं टेबल परत आलं असेल तर आधी कच्च्या पी-व्हॅल्यू पूर्ण दशांशासकट एका कॉलममध्ये लिहून काढा, मोजलेल्या सगळ्या, आणि त्यांच्यावर `p.adjust` चालवून तुमच्या छापलेल्या कॉलमशी ताडा. सगळं बॉन्फेरोनीसारखं आलं आणि मेथडमध्ये होल्म लिहिलंय, खालची व्हॅल्यू वरच्यापेक्षा लहान आहे, कुठे एकच्या वर गेलंय, किंवा अ‍ॅडजस्टेड व्हॅल्यू कच्चीपेक्षा लहान दिसतेय (हे होल्ममध्ये होऊच शकत नाही), यातलं काहीही सापडलं की गडबड कुठे आहे ते तिथेच कळतं.